एका वाक्यातले दोन ‘न’: बोलीच्या रेकॉर्डिंगखाली ओळी कशा लिहितात

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तेव्हापासून ओळखीपाळखीच्या लोकांचे मला एकाच प्रकारचे फोन येतात. आजीची मालवणी मोबाइलवर रेकॉर्ड केलीय, दीडदोन तासांची फाइल आहे, आता तिचं पुढे काय करायचं? मी विचारते, त्यात काय आहे? उत्तर येतं, ‘खूप काही आहे, ऐकावं लागेल.’

अडचण नेमकी तिथेच आहे. दोन तासांचं रेकॉर्डिंग ऐकायला दोन तास लागतात. त्यातलं एक वाक्य पुन्हा हवं असेल तर अंदाजाने पुढेमागे करत बसावं लागतं. अशा पन्नास फाइली झाल्या की त्या असून नसल्यासारख्या होतात. बोलीचा संग्रह म्हणजे नुसती रेकॉर्डिंगं नव्हेत. कोणता आवाज कुठे आहे, त्यात कोणते शब्द आहेत, त्या शब्दांची घडण काय आणि अर्थ काय, हे त्या आवाजाला जोडून ठेवलेलं असतं तेव्हा त्याला संग्रह म्हणायचं. ही जोडणी कशी होते ते मी एकाच वाक्यावर दाखवणार आहे.

## वाक्य

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात, घराच्या पडवीत बसून एक आजी लहानपणची रापण सांगत होत्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. रेकॉर्डिंग बावन्न मिनिटांचं आहे. मी किनाऱ्यावर बसले नाही, कारण लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज ‘स’, ‘श’ गिळून टाकतो. पडवीतला पंखाही बंद केला. सुरू झाल्यावर सव्वा मिनिटाच्या आसपास आजी म्हणतात:

‘आवशीन झिलाक सांगल्यान.’

प्रमाण मराठीत सांगायचं तर, ‘आईने मुलाला सांगितलं.’ आवस म्हणजे आई, झिल म्हणजे मुलगा. अर्थ कळला, आता थांबायला काय हरकत आहे?

## भाषांतर पुरत नाही का?

पुरत नाही, कारण भाषांतर मालवणीचा अर्थ सांगतं पण मालवणी लपवतं. ‘सांगितलं’ आणि ‘सांगल्यान’ समोरासमोर ठेवून बघा. ‘सांगितलं’मधल्या ‘लं’वरून कोणी सांगितलं हे कळत नाही. मी सांगितलं, तिने सांगितलं, त्यांनी सांगितलं. क्रियापद तेच राहतं. ‘सांगल्यान’मध्ये मात्र शेवटचा ‘न’ बोलतो. आजी कर्त्याचा उच्चार न करता नुसतं ‘सांगल्यान’ म्हणाल्या तरी ऐकणाऱ्याला कळतं की सांगणारं कोणीतरी तिसरं आहे आणि एकच आहे. रत्नागिरीकडच्या काही घरांत जुनी माणसं ‘त्यानं सांगितलंन’ म्हणतात, तोही याच कुळातला ‘न’. पुण्यामुंबईच्या मराठीत तो राहिला नाही. भाषांतर वाचणाऱ्याला मालवणीत असं काही आहे याचा पत्ताच लागणार नाही.

म्हणून मूळ वाक्य आणि भाषांतर यांच्यामध्ये आणखी दोन ओळी घालतात. एका ओळीत शब्दांचे तुकडे पाडतात, दुसरीत प्रत्येक तुकड्याखाली त्याचं काम लिहितात. याला ग्लॉसिंग म्हणतात. मी ‘फोड’ म्हणेन. शाळेत आपण वाक्याचं व्याकरण चालवायचो, तसंच हे आहे, फक्त प्रत्येक उत्तर आपापल्या तुकड्याच्या बरोबर खाली लिहायचं.

ही रीत नवी नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातल्या बोलींच्या नमुन्यांखाली शब्दाला शब्द असा इंग्रजी अर्थ छापलेला आहे. पण त्या पानावरून मूळ बोलणारा ऐकू येत नाही. लिहून घेणाऱ्याने बरोबर ऐकलं का, हे आज कोणी तपासू शकत नाही.

## फोड करायची कशी

जगभर यासाठी बहुतेक अभ्यासक लाइपझिग नियम वापरतात. कॉम्री, हास्पेलमाथ आणि बिकेल या भाषाशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात ते तयार केले. एकूण नियम दहाच आहेत, आणि आपल्या वाक्याला त्यातले तीन पुरतात. वरच्या ओळीतला प्रत्येक शब्द खालच्या ओळीतल्या आपल्या शब्दाच्या वर नेमका यावा. शब्दाचे तुकडे जोडरेघेने तोडावेत आणि वर जितक्या रेघा तितक्याच खाली असाव्यात. एकाच तुकड्यात दोन गोष्टी दडल्या असतील तर खाली त्यांच्यामध्ये टिंब द्यावं.

```
tx  आवशीन           झिलाक        सांगल्यान
mb  avshi-n         jhila-k      sang-lya-n
gl  mother.OBL-ERG  son.OBL-DAT  tell-PST-3SG.A
ft  आईने मुलाला सांगितलं.
```

डावीकडची दोन अक्षरं ही ओळींची नावं आहेत: मूळ बोलणं, तुकडे, फोड आणि मोकळं भाषांतर. `OBL` म्हणजे शाळेतलं आपलं सामान्यरूप. मूलचं ‘मुला’ होतं तसं आवसचं ‘आवशी’ आणि झिलचं ‘झिला’ होतं. `DAT` म्हणजे ‘ला’चं काम करणारा ‘क’. `PST` म्हणजे भूतकाळ. `ERG` ही कर्त्यावरची खूण, आपल्या ‘ने’सारखी. `3SG.A` म्हणजे तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता.

आता रेघा मोजा. वर एक, एक, दोन. खालीही एक, एक, दोन. कुठे जुळलं नाही तर एखादा तुकडा सुटलेला तरी असतो किंवा उगाच पाडलेला. चूक पकडायची ही सगळ्यात सोपी तपासणी आहे, आणि ती मालवणी न येणाऱ्यालाही करता येते.

तुकड्यांची ओळ रोमन लिपीत का, असं मला नेहमी विचारलं जातं. कारण देवनागरीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात मिसळतात आणि तुकड्याची सीमा पुष्कळदा अक्षराच्या आतून जाते. ‘आंबो’मधला पुल्लिंगी ‘ओ’ तोडायचा तर ‘ब’ला चिकटलेली मात्रा उचलून वेगळी ठेवावी लागते. शिवाय ‘सांग’मधल्या ‘ग’च्या शेवटी ‘अ’ उच्चारला जातो की नाही, हे लिपी दाखवत नाही. म्हणून वरची ओळ आपल्या लिपीत, जेणेकरून आजींच्या नातवाला वाचता यावी, आणि तुकडे रोमनमध्ये.

## दोन ‘न’ एकच आहेत का?

या वाक्यात ‘न’ दोनदा येतो, ‘आवशीन’मध्ये आणि ‘सांगल्यान’मध्ये. कानाला दोन्ही सारखेच लागतात. पहिल्या तीन रेकॉर्डिंगांत मी दोघांखाली एकच खूण लिहिली होती आणि नंतर ती तिन्ही पुन्हा करावी लागली.

ते वेगळे आहेत हे ओळखायचं कसं? कर्ता बदलून बघायचा. मी सांगितलं असेल तर ‘मिया सांगलंय’. अनेकांनी सांगितलं असेल तर ‘तेंनी सांगल्यानी’. कर्ता बदलताच क्रियापदाच्या शेवटचा ‘न’ बदलला, म्हणजे तो कर्ता कोण आणि किती हे सांगतो. आवशीला चिकटलेला ‘न’ तसा नाही. तो नामाची विभक्ती आहे.

तो विभक्तीचा ‘न’ही एकाच कामावर थांबत नाही. ‘कोयत्यान तोडल्यान’ या दोन शब्दांच्या वाक्यात पुन्हा दोन ‘न’ आहेत, पण कोयता काही कर्ता नव्हे. तोडणारं दुसरंच कोणीतरी आहे आणि त्याची खूण क्रियापदावर आहे. कोयत्यावरचा ‘न’ साधन दाखवतो. शाळेत आपण दोन्हींना तृतीया म्हणून मोकळे झालो होतो. फोड लिहिताना मात्र ठरवावं लागतं: दोघांना एकच खूण द्यायची की कर्त्यावर `ERG` आणि साधनावर `INS`? मी दोन खुणा ठेवते. हा निर्णय संग्रहाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवलेला आहे. ती वही नसेल तर सहा महिन्यांनी मीच माझ्या खुणांचा अर्थ वेगळा लावेन.

## आवाजाला ओळी बांधायच्या कशा

आता ईलॅन. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक मानसभाषाशास्त्र संस्थेने तयार केलेला हा मोफत प्रोग्राम आहे. तो आवाज वाजवतो, आवाजाची लहर दाखवतो आणि तिच्याखाली आडव्या पट्ट्या देतो. त्या पट्ट्यांना तो `tier` म्हणतो. आपल्या चार ओळी म्हणजे चार पट्ट्या, आणि सुट्या शब्दांसाठी मधे आणखी एक.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात ते डोळ्यांसमोर आणा. आडवी दोरी म्हणजे काळ. वरची पट्टी, म्हणजे मूळ बोलणं, थेट दोरीला बांधलेली असते. प्रत्येक वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं त्या दोन ठिकाणी गाठ. बाकीच्या पट्ट्या दोरीला बांधलेल्या नसतात, वरच्या नोंदीला लटकलेल्या असतात. वाक्याची गाठ सरकवली की त्याचं भाषांतर आणि फोड आपोआप सोबत सरकते. फाइल उघडून आत पाहिलं तर हे नाते स्पष्ट दिसतं:

```
<TIME_SLOT TIME_SLOT_ID="ts1" TIME_VALUE="74320"/>
<TIME_SLOT TIME_SLOT_ID="ts2" TIME_VALUE="76910"/>
<ALIGNABLE_ANNOTATION ANNOTATION_ID="a1"
  TIME_SLOT_REF1="ts1" TIME_SLOT_REF2="ts2">

<REF_ANNOTATION ANNOTATION_ID="a2"
  ANNOTATION_REF="a1">
```

७४३२० हे मिलिसेकंद आहेत, म्हणजे १ मिनिट १४.३२ सेकंद. वाक्य तिथून साधारण अडीच सेकंद चालतं. `a1` हे मूळ वाक्य, त्याला दोन वेळा आहेत. `a2` हे भाषांतर, त्याला स्वतःची वेळ नाही, फक्त ‘मी `a1`चं आहे’ एवढंच ठाऊक आहे.

हे नातं पट्टी तयार करतानाच सांगावं लागतं. भाषांतर एका वाक्याला एकच असतं, म्हणून त्याच्या प्रकारासाठी `Symbolic Association` निवडायचं. शब्द एका वाक्याचे अनेक होतात, पण क्रमाने, त्यांना `Symbolic Subdivision`. शब्दाचे तुकडेही तसेच. तुकड्याची फोड पुन्हा एकास एक. हे आधी कागदावर काढा. पट्टीत नोंदी भरल्यावर तिचा प्रकार बदलायला गेलात तर फार त्रास होतो. एकदा मांडणी जमली की `File > Save as Template...` करून ठेवा आणि पुढची प्रत्येक फाइल त्यावरून सुरू करा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवायची. एका पट्टीवर दोन नोंदी एकमेकींवर चढू शकत नाहीत. पण माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, आणि गजालीत, म्हणजे गप्पांत, तर जास्तच. आजी बोलत असताना मधेच सून ‘नाय, तां साल वेगळां’ म्हणते. म्हणून प्रत्येक बोलणाऱ्याचा स्वतंत्र संच लागतो: `tx@AJI`, `tx@SUN`.

## प्रत्यक्ष काम

आधी `Segmentation Mode`. आवाज सुरू करायचा. बोलणं सुरू झालं की `Enter`, थांबलं की `Enter`. बावन्न मिनिटांचे वाक्यागणिक डबे पडतात. व्याकरणातलं वाक्य शोधत बसू नका. माणूस एका दमात, एका सुरात जेवढं बोलतो तेवढा एक डबा. हाताला थोडा उशीर होतोच, त्यामुळे सुरुवातीचं व्यंजन कापलं जातं; नंतर लहरीकडे बघून गाठ किंचित मागे ओढायची. ‘झिलाक’चा ‘झ’ असाच कापला गेला तर पुढे ऐकणारा ‘इलाक’ ऐकेल, आणि मालवणीत ‘इलो’ म्हणजे आला, त्यामुळे तो भलत्याच वाटेला लागेल.

मग `Transcription Mode`. डबे एकाखाली एक येतात, `Tab` दाबला की तेवढाच तुकडा वाजतो, लिहून `Enter` केलं की पुढचा डबा. इथे एकच पथ्य: जे ऐकू आलं ते लिहायचं. आजी एकदा ‘सांगल्यान’ आणि एकदा ‘सांगितल्यान’ म्हणाल्या असतील तर दोन्ही तसंच लिहायचं. सुधारायचं नाही.

यानंतर शब्द वेगळे करायला `Tokenize Tier` आहे, तो मोकळ्या जागेवर वाक्य तोडून देतो. शेवटी फोड. ती ईलॅनच्या `Interlinearization Mode`मध्ये करता येते किंवा फाइल फ्लेक्स नावाच्या शब्दकोश-प्रोग्राममध्ये नेऊन परत आणता येते. माझा अनुभव सांगते: डबे पाडायला रेकॉर्डिंगच्या दुप्पट-तिप्पट वेळ पुरतो. लिहायला बराच अधिक, आणि फोडीला सर्वाधिक. एका मिनिटाच्या गजालीची फोड करण्यात माझी दुपार गेली आहे. त्यामुळे बावन्न मिनिटं सगळी लिहायची आणि भाषांतरित करायची, पण फोड आधी निवडक दहा मिनिटांचीच, हा व्यवहार्य मार्ग आहे.

## सगळं सरकलंय, आता?

सगळ्यात मोठा धक्का मला इथेच बसला. आमच्यातल्या एकाने चांगल्या हेतूने रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची बारा सेकंदं कापली. त्यात नुसती खुर्च्यांची सरकासरक होती. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर आजींच्या प्रत्येक वाक्याखाली पुढचं कुठलंतरी वाक्य वाजत होतं. कारण ईलॅनची `.eaf` फाइल आवाज पोटात ठेवत नाही. ती फक्त आवाजाच्या फाइलचा पत्ता आणि वेळा ठेवते. आवाज बारा सेकंदांनी पुढे आला, वेळा होत्या तिथेच राहिल्या.

सुदैवाने चूक सगळीकडे सारखीच बारा सेकंदांची होती, त्यामुळे `Shift All Annotations`ने सगळ्या नोंदी एकदम मागे घेता आल्या. पण कधीकधी सुरुवातीला सगळं जुळतं आणि शेवटाकडे जाताना अंतर वाढत जातं. तसं दिसलं तर संशय आवाजाच्या फाइलवर घ्या. बदलत्या बिटरेटच्या `mp3`मध्ये असं होऊ शकतं, कारण तिथे नेमका कोणता क्षण कुठे आहे याचा हिशेब चुकतो. म्हणून रेकॉर्डिंग `wav`मध्येच करा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन चॅनेल असं केलं तर तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. नोंदी सुरू झाल्यावर मूळ फाइलला हात लावायचा नाही, आणि `.eaf` व `.wav` एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाने ठेवायच्या.

## दोन जाणकारांची फोड वेगळी आली तर?

येतेच. `PST`चंच घ्या. ‘ल’ म्हणजे भूतकाळ असं मी वर लिहिलं. पण ‘उद्या पाऊस आला तर’ यात काळ उद्याचा आहे आणि ‘ल’ तिथेही आहे. म्हणून काही अभ्यासक त्याला भूतकाळ न म्हणता क्रिया पूर्ण झाल्याची खूण म्हणतात आणि `PFV` लिहितात. दोघांकडे कारणं आहेत. संग्रहासाठी त्याहून महत्त्वाचं हे की बावन्न मिनिटांत एकच खूण असावी, आणि ती का निवडली हे वहीत असावं. आवाज जोडलेला असल्यामुळे पुढच्याला आपली खूण पुसून स्वतःची लिहिता येते. १९०५च्या पानावर ही सोय नव्हती.

खरा घात मतभेदाने होत नाही, निष्काळजीपणाने होतो. एकाने `DAT`, दुसऱ्याने `Dat`, तिसऱ्याने `dat.` लिहिलं की शोध घेताना काही उदाहरणं सुटू शकतात, आणि ती सुटली हेही कळत नाही. त्यावर उपाय म्हणून ईलॅनमध्ये खुणांची ठरावीक यादी जोडता येते, `Controlled Vocabulary`. मग खूण टाइप करायची नाही, यादीतून निवडायची.

हे नीट जमलं की `Structured Search Multiple eaf` उघडून सगळ्या फाइलींत एकदम `3SG.A` शोधता येतं. आजींनी ‘न’ कुठे लावला, सुनेने कुठे लावला, आणि शाळेत जाणारी नात कुठे सरळ ‘सांगितलं’ म्हणाली, हे एकाखाली एक येतं. ओळीवर टिचकी मारली की ते वाक्य त्याच व्यक्तीच्या आवाजात वाजतं.

## मग भाषांतराची ओळ कशाला ठेवायची?

कारण फोड वाक्याची घडण सांगते, प्रसंग सांगत नाही. सगळं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन आजींकडे गेले आणि एकेक डबा वाजवून दाखवला. १ मिनिट १४ सेकंदांवर आले आणि भाषांतर वाचलं, ‘आईने मुलाला सांगितलं.’

आजी म्हणाल्या, ‘खयच्या मुलाक? तो माझो भाव गो. आवशीचो झिल म्हणजे माझो भाव नाय?’

मी फोडीच्या ओळीला हात लावला नाही. झिलच्या खाली `son` तसंच राहिलं, कारण शब्दाचा अर्थ तोच आहे. खालच्या ओळीत लिहिलं, ‘आईने माझ्या भावाला सांगितलं.’ आजींनी तो डबा आणखी एकदा वाजवायला लावला, आणि मग भावाने त्या दिवशी रापणीवर जायला कसा नकार दिला ते सांगू लागल्या. मी रेकॉर्डर पिशवीतून काढला.